बाकाला आठवत नाही

गतकाळाचं गाणं आठवणींवर उभं असतं, अशी माझी कित्येक वर्षं पक्की समजूत होती. आठवणी जितक्या जास्त आणि जितक्या नेमक्या, तितकी हुरहूर दाट. त्यामुळे रेल्वेच्या फलाटावरच्या एका जुन्या बाकाच्या तोंडी गाणं लिहायचं मनात आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी यादी केली. कोळशाचा धूर, इंजिनाची शीळ, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, लोखंडी ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, गाडी सुटताना खिडकीतून हलणारे हात. आता फक्त चाल सापडली की गाणं तयार, असं वाटत होतं.

आज माझं मत नेमकं उलट आहे. बाकाच्या गाण्यात बाकानं शक्यतो काही आठवूच नये, असं मला वाटतं. आठवायचं काम ऐकणाऱ्याचं आहे आणि बाकानं ते हिसकावून घेतलं, तर ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. हे मत मला एका दिवसात सुचलं नाही. तालानं, व्याकरणानं आणि एका जुन्या लेखानं मला तिकडे ढकललं. त्यातलं कुठलंही एक नसतं, तर गाणं पहिल्याच रूपात राहिलं असतं.

आधी बाकाबद्दल. पुणे–मिरज मार्गावर, कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान स्टेशनावर ते होतं. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या ताब्यात. १९७० च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला आणि आता दुहेरीकरण होऊन वर विजेच्या ताराही आल्या. बाकाच्या बसायच्या आणि पाठीच्या फळ्या लाकडी. इतक्या लोकांनी इतकी वर्षं बसून त्या मधोमध किंचित खोलगट झालेल्या. कडेला रंग टिकलेला, मध्ये मात्र नाही. रंगाचा पापुद्रा जिथे निघाला होता, तिथे करड्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली तपकिरी असे थर दिसायचे. पाय मात्र वेगळे होते. निकामी झालेल्या रुळाचे तुकडे कापून, वाकवून ते केले होते. रुळाच्या कमरेवर कारखान्यातच उठावाची अक्षरं येतात. कारखान्याचं नाव, वजनाची खूण, साल. रंगाच्या थरांखाली ती डोळ्यांना दिसत नव्हती, पण अंगठा फिरवला की लागत होती. एक आकडा आणि एक अक्षर मला ओळखता आलं, बाकीचं रंगानं भरून गेलं होतं.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त स्टेशन मास्तरांनी ते पाय पाहताक्षणी सांगितलं, “हा मीटरगेजचा रूळ. आताचा याच्यापेक्षा कितीतरी जाड.” म्हणजे ज्या पायांवर लोक गाडीची वाट पाहत बसत होते, तेच कधीकाळी गाडीच्या चाकांखाली होते. कुठल्याही कवीला मोह पडावा अशी ही गोष्ट. मलाही पडला. पहिल्या मसुद्यातल्या या दोन ओळी त्यातूनच आल्या:

आठवते मज शीळ जुनी ती, आठवतो मज धूर
कुठे हरवली गाडी माझी, कुठे राहिली दूर

आठ-आठ मात्रांची सरळ चाल, केहरव्यात धावत जाणारी. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली. माझ्या वयाच्या पुढच्या मंडळींना तर ती आवडलीच. मलाही ती वाईट वाटत नव्हती आणि आजही ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण चाल लावताना आमच्या संगीतकार मित्रानं एक प्रश्न विचारला आणि तिथून सगळं सुटत गेलं.

तो म्हणाला, “अगं, हे गाणं गाडीत बसलेल्या माणसाचं आहे. बाक गाडीत कुठे बसतं?”

मला पटकन कळलं नाही. त्यानं टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवला. रेल्वेची गाणी बहुतेक केहरव्यात का बांधली जातात, याचं कारण रुळांच्या सांध्यात आहे. जुने रूळ ठरावीक लांबीचे तुकडे जोडून टाकलेले असत. मीटरगेजवर सुमारे १२ मीटरचे. दोन तुकड्यांमध्ये उष्णतेनं फुगायला फट ठेवलेली असायची आणि चाक तिच्यावरून गेलं की ठोका पडायचा. गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल, तर एकाच चाकाला साधारण सेकंदाला एक सांधा लागतो. डब्याच्या टोकाला एका बोगीची दोन चाकं पाठोपाठ असतात, म्हणून ठोके जोडीनं येतात. डब्यात बसलेल्या प्रवाशाला हा ठेका तासन् तास एकाच लयीत ऐकू येतो, झोपेतसुद्धा. समसमान, चार-चारांत मोजता येणारा. आता रूळ वेल्डिंगनं सलग जोडतात, त्यामुळे काटे ओलांडताना काय तो खडखडाट होतो. पण गाण्यांत तो जुना ठेका अजून चालू आहे.

बाकाला मात्र ही सम लय कधीच भेटत नाही. थांबणारी गाडी बाकापाशी येते तेव्हा ती मंदावत असते. ठोक्यांमधलं अंतर वाढत वाढत जातं, ब्रेकचा कर्कश आवाज येतो आणि सगळं थांबतं. दोन मिनिटं माणसांचा गलबला. मग शिट्टी, एक हिसका, आणि ठोके पुन्हा विरळाकडून दाटाकडे. लय पक्की होते तोवर गाडी लांब गेलेली असते. बाकाच्या वाट्याला फक्त लय मोडणं आणि लय जुळणं येतं. न थांबणारी एक्सप्रेस तेवढी एका लयीत जाते, पण तिच्याशी बाकाचा काही संबंध नाही. तिच्यातून कोणी उतरत नाही.

एवढं कळल्यावर केहरवा सोडावाच लागला. आम्ही रूपक घेतला. सात मात्रा, तीन-दोन-दोन. रूपकात एक विशेष आहे, तो इथे फार उपयोगी पडला. इतर बहुतेक तालांत सम टाळीनं, भरीव पडते. रूपकाची पहिलीच मात्रा खाली असते. ती ती ना, धी ना, धी ना. म्हणजे जिथे सगळ्यांनी येऊन पोचायचं, ती जागाच रिकामी. बाकासाठी याहून योग्य ताल मला सुचत नाही.

ताल बदलला की शब्दही बदलावे लागतात. आठ मात्रांची वाक्यं सातात बसत नाहीत आणि बसवली तर गुदमरतात. त्यामुळे जुना मसुदा बाजूला ठेवून मी नव्यानं सुरुवात केली. तेव्हाही मी आठवणींचीच यादी समोर घेऊन बसले होते. माझं मत तोवर फक्त चालीबद्दल बदललं होतं.

यादी फाडायला लावली ती एका जुन्या लेखानं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटंसं आत्मकथन मी पूर्वी वाचलं होतं. मार्गावरच्या जुन्या स्टेशनांची माहिती जमवताना ते पुन्हा हातात आलं. त्यातली पहिलीच हकिकत याच मार्गावरची आहे. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, म्हणून लहानगा भीमराव आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून आगगाडीनं निघतो. नवे कपडे घातलेली, आनंदात असलेली मुलं मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेलं नसतं. वडिलांना पत्र वेळेवर मिळालेलंच नसतं. स्टेशन मास्तर येऊन विचारपूस करतो. नीटनेटक्या कपड्यांवरून त्याला ही मुलं वरच्या जातीतली वाटतात. मग तो विचारतो, तुम्ही कोण? मुलगा सरळपणे सांगतो, महार. मास्तराचा चेहरा बदलतो आणि तो मागे सरतो. गाडीवाले दुप्पट भाडं देऊनही मुलांना न्यायला तयार होत नाहीत. शेवटी एक जण होतो, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालत येणार. पुढचा सगळा प्रवास पाण्याविना.

मसूर स्टेशन आजही याच मार्गावर आहे. माझ्या यादीतला धूर, शीळ, टांगलेली घंटा, सगळं १९०१ च्या त्या संध्याकाळीही तिथे असणार. म्हणजे मी ज्या सुंदर फलाटाची हुरहूर गाण्यातून वाटणार होते, त्याच फलाटावर ती मुलं ताटकळली होती. त्या काळच्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं असायचं. माझ्या यादीत फिरकीचा तांब्या होता, पण तांब्यात कुठलं पाणी होतं हे त्यात नव्हतं.

यावर एक सोपा मार्ग होता. गोड आठवणींच्या शेजारी ही कडू आठवण ठेवायची आणि बाकाला साक्षीदार करायचं. मी तसा एक अंतरा लिहूनही पाहिला. त्यात बाक त्या मुलांबद्दल हळहळतं, मास्तरांना जाब विचारतं. तो अंतरा मला वाचवेना. बाकाला मी एकदम शहाणं, न्यायी, आजच्या काळात बसून कालच्यांना शिकवणारं केलं होतं. शिवाय त्या हकिकतीचा सगळा जोर तिच्या साधेपणात आहे, तिच्यावर माझं गाणं बसवणं मला योग्य वाटेना.

त्या हकिकतीतून एक वेगळीच गोष्ट माझ्या हाताला लागली. तिथला सगळा प्रसंग एका प्रश्नावर फिरतो, तुम्ही कोण? बाक हा प्रश्न विचारत नाही. विचारूच शकत नाही. त्याच्यावर कोणी बसलं, तर त्याला कळतं ते वजन. नाव नाही, गाव नाही, जात नाही, साल नाही. हा बाकाचा मोठेपणा नव्हे, त्याच्या जाणिवेची ही सीमाच आहे. आणि मी तर त्या बाकाला डोळे, कान, इतिहास, सगळं देऊन बसले होते. धूर त्याला दिसणार कसा? माझ्या लक्षात आलं, की या सीमेतच गाणं आहे. बाकाला जे खरोखर कळू शकतं तेवढंच त्यानं बोलावं. भार, कंप आणि ऊब.

नवा पहिला अंतरा असा झाला:

एक पेटी, एक पोतं
पोर त्यावर पेंगतं
भार कळतो लाकडाला
नाव कोठे मागतं?

प्रत्येक ओळ तीन-दोन-दोनवर तुटते. ‘एक’ तीन मात्रा, ‘पे’ दोन, ‘टी’ दोन. शेवटच्या शब्दानंतर दोन मात्रा मोकळ्या राहतात. मसूरचा उल्लेख नाही, १९०१ नाही. ज्यांनी ती हकिकत वाचली आहे, त्यांना चौथ्या ओळीत ती ऐकू येते. ज्यांनी वाचली नाही, त्यांना फक्त एक दमलेलं मूल दिसतं. मला दोन्ही चालतं.

आता व्याकरणाबद्दल, कारण मराठीत ही अडचण टाळता येत नाही. ‘मी’ म्हटलं की क्रियापद लिंग मागतं. मी बसतो, की मी बसते? शाळेतल्या निबंधांत फुटकी छत्री, फाटकं पुस्तक, जुनं झाड, सगळे ‘मी बोलतोय’ म्हणत पुरुष होतात. बाकाला पुरुष केलं, की तो अनुभवी आजोबा होऊन उपदेश करू लागतो. स्त्री केलं, की मराठी गाण्यातली वाट पाहणारी विरहिणी आयतीच उभी राहते. माझ्या मधल्या एका मसुद्यात तसंच झालं होतं. बाक ‘वाट पाहते’ म्हणालं आणि गाणं कुणातरी परदेशी गेलेल्या सख्याचं झालं. बाक म्हणजे ते, पण ‘मी बसतं’ असं प्रमाण मराठीत जिभेवर येत नाही.

शेवटी मी ठरवलं, की बाकानं कर्ता व्हायचंच नाही. संपूर्ण गाण्यात ‘मी’ नाही. ‘माझे’ एकदाच येतं, तेही पायांबद्दल. बाकी जे घडतं ते दुसऱ्यांकडून घडतं आणि बाकाला ते फक्त लागतं. नपुंसकलिंग मी बाकाकडून काढून माणसांना दिलं. मराठीत माणूस ठाऊक नसला, की आपण सहज म्हणतो, कुणी आलं, कुणी गेलं. तो की ती हे उघडच होत नाही. बाकाला हेच हवं होतं. मुखडा त्यातून आला:

कुणी उठलं, कुणी बसलं
ऊब उरली तेवढी

‘ऊब’ हा शब्द मी घरी बसून शोधलेला नाही. थंडीच्या दिवसांत सकाळच्या पॅसेंजरला मी त्या बाकाशी उभी होते. एक बाई उठून गाडीकडे गेल्या आणि मी त्यांच्या जागेवर बसले. फळी कोमट होती. बाजूला हात टेकला तर लाकूड गार. अनोळखी माणसाच्या अंगाची ऊब आपल्याला लागते आणि ते माणूस तर चाललेलं असतं. ती ऊब मिनिटभर राहते, मग आपली आणि तिची वेगळी सांगता येत नाही. गेलेल्या काळाबद्दल माणसाला जे वाटतं ते इतकं नेमकं मला दुसऱ्या कशात सापडलेलं नाही. कोणीतरी होतं एवढं कळतं, कोण ते कळत नाही, आणि ते कळणंसुद्धा फार टिकत नाही.

बाक जुनं, लाकडी असण्याला गाण्यात कारण मिळालं ते इथे. लाकडातून उष्णता हळू वाहते, म्हणून बसलेल्याची ऊब फळीच्या वरच्या थरात थोडा वेळ राहते. नव्या फलाटांवर ग्रॅनाइटची किंवा भोकांच्या पोलादी पत्र्याची बाकं आहेत. दगड ऊब चटकन आत ओढून घेतो, पत्र्यावरून ती उडून जाते. त्यांच्यावर बसणाऱ्याला आधीचा माणूस लागत नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, की जुनं बाक सुंदर म्हणून त्याचं गाणं. आता म्हणते, लाकूड ऊब धरतं म्हणून त्याचं गाणं. नवी बाकं स्वच्छ राहतात, पावसात कुजत नाहीत, ढेकूण धरत नाहीत. फलाटावर ती आली हे चांगलंच झालं.

मुखड्यातल्या ‘तेवढी’नंतरच्या दोन मोकळ्या मात्रांवर आमचं बरंच बोलणं झालं. मित्राला तिथे व्हायोलिनचा एक तुकडा घालायचा होता. मी नको म्हटलं. त्या दोन मात्रा रिकाम्या गेल्या, की पुढचा ‘कुणी’ रूपकाच्या खाली समेवर येतो. रिकाम्यावर रिकामं. ऐकणाऱ्याला आपलं माणूस बसवायला तेवढीच जागा आहे. त्यानं एकदा तुकडा घालून आणि एकदा न घालता गाऊन पाहिलं, आणि मग स्वतःच तो काढला.

दुसऱ्या अंतऱ्यात मात्र मी माझाच नियम मोडला आहे:

दोन होती, एक आलं
एक बाजू मोकळी

‘होती’ म्हणजे बाकाला आठवतंय. हे मला लिहितानाच खटकलं होतं. पण जोडीनं बसणाऱ्यांपैकी एकटं उरलेलं माणूस सहसा मधोमध बसत नाही, आपल्या नेहमीच्या बाजूलाच बसतं, हे मी घरात पाहिलं आहे. बाकाला ते भाराच्या भाषेतच कळतं. एकीकडे दाब, एकीकडे नाही. आधीच्या दोघांशिवाय ती मोकळी बाजू ऐकणाऱ्याला दिसली नसती. म्हणून संपूर्ण गाण्यात एवढी एकच आठवण ठेवली. पुढे बाकानं काही म्हणू नये म्हणून तो अंतरा दोनच ओळींचा आहे आणि तिथून थेट मुखड्यावर येतो. ‘मोकळी’ला ‘तेवढी’चं यमक सैल आहे, तरी ओळी पाठोपाठ आल्या की ‘ऊब उरली तेवढी’ हे वाक्य पहिल्यापेक्षा वेगळं ऐकू येतं. शब्द तेच असतात. पहिल्या वेळी ती कुणाही परक्या प्रवाशाची ऊब असते, या वेळी नसते.

रुळाच्या पायांचा मोह मी सोडला नाही, फक्त त्यांची आत्मकथा काढून टाकली. आधी मी ‘रूळ होता पाय आधी’ असं लिहिलं होतं. मात्रा बरोबर बसत होत्या, पण बाक पुन्हा इतिहास सांगायला बसलं होतं. तिसरा अंतरा आता असा आहे:

पाय माझे रूळ तुटके
खोल खाली रोवले
लांब गाडी धावताना
तेच आधी कापले

यातली प्रत्येक गोष्ट भौतिक आहे. धावत्या गाडीचा कंप रुळांतून आणि जमिनीतून फलाटात उतरतो. बाकावर हात ठेवून बसलं, तर आवाज नीट कानावर पडायच्या आधी कधीकधी तो तळव्याला लागतो. बाक फक्त एवढंच सांगतं. पाय का कापले, त्यांना चाकं आठवली का, हे ते म्हणत नाही. म्हणतो तो ऐकणारा, आपल्याच मनात.

असं होतं हे फार पूर्वी कुणीतरी नोंदवून ठेवलं आहे, हे मला नंतर कळलं. सतराव्या-अठराव्या शतकात परदेशांत लढायला जाणारे स्विस सैनिक घरच्या ओढीनं आजारी पडत. १६८८ साली बासेलच्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं त्यावर प्रबंधच लिहिला. आल्प्समधल्या गुराख्यांची एक धून ऐकली, की सैनिक रडू लागत, पळून जात, म्हणून ती वाजवायला बंदी होती असं सांगतात. रूसोनं १७६८ च्या आपल्या संगीतकोशात या धुनेचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं असं, की सुरावटीत तसा परिणाम घडवणारं काही शोधून सापडत नाही आणि परक्यांवर तिचा काही परिणामही होत नाही. ती संगीत म्हणून काम करत नाही, खूण म्हणून करते. रडवतं ते ऐकणाऱ्याचं स्वतःचं गेलेलं आयुष्य.

हे वाचून मला माझा पहिला मसुदा नव्यानं कळला. शीळ आणि धूर या खुणाच होत्या, पण फक्त त्या पिढीच्या. ज्यांनी वाफेचं इंजिन पाहिलं त्यांना त्या लागल्या, बाकीच्यांना त्या चित्रपटातल्या देखाव्यासारख्या दिसल्या. भार आणि ऊब मात्र कुणालाही ठाऊक असते. नवं गाणं आम्ही एका घरगुती बैठकीत गायलो, तेव्हा तिथे मीटरगेजमधून प्रवास केलेले एक आजोबा होते आणि पुण्याला वसतिगृहात राहणारी, विशीतली एक मुलगीही होती. आजोबा म्हणाले, “यात इंजिन नाही हो कुठं.” त्यांना ते हवं होतं आणि त्यांची ती अपेक्षा रास्त होती. मुलीला गाणं ऐकताना स्वारगेटच्या एसटी स्टँडवरची रात्र आठवली. तिच्या मनात रेल्वे आलीच नाही.

त्यावरून आता एक वाद उभा राहिला आहे. मित्राचं म्हणणं, रेल्वेची गरजच नसेल तर तिसऱ्या अंतऱ्यातला ‘गाडी’ शब्दसुद्धा काढू. ‘लांब कोणी धावताना’ म्हणू, मात्रा तेवढ्याच भरतात. मला ते मान्य नाही. माणूस धावल्यानं रूळ कापत नाही आणि ज्या गाण्यात बाकाला जाणवतं तेवढंच खरं, त्यात ही एक ओळ खोटी पडेल. शिवाय त्या आजोबांना आधार देणारा गाण्यातला तो एकच शब्द आहे. मित्र सध्या दोन्ही प्रकारे गाऊन पाहतो आहे. माझ्याकडच्या वहीत ‘गाडी’ आहे आणि ती मी खोडणार नाही.